सह्याद्री ८७ वर का गेला?

दूरदर्शनची फ्री डिश ज्यांच्या घरी आहे, त्यांना हा प्रकार पाठ झालेला असतो. एक दिवस एखादे चॅनेल दिसेनासे होते. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा रिमोट घेतो, मेनूत शिरतो आणि सगळे नव्याने स्कॅन करतो. हरवलेले चॅनेल सापडते, पण त्या बदल्यात बाकी सगळ्यांच्या जागा बदलतात. काल ५ वर असलेली सह्याद्री वाहिनी आज ८७ वर जाते, कुठल्याशा भाषेतले भक्तिगीतांचे चॅनेल पहिल्या नंबरावर येऊन बसते आणि एकच चॅनेल दोन-दोन ठिकाणी दिसू लागते. मग घरातली म्हातारी माणसे म्हणतात, ‘बॉक्स बिघडला.’ बॉक्स ठीक असतो. बिघडलेली असते ती यादी, आणि ती घरबसल्या नीट लावता येते. मात्र कामाचा क्रम चुकला, तर तासाभराची मेहनत एका बटणात जाते.

आधी ही यादी बनते कशी ते पाहू. घरावरच्या छत्रीचे तोंड आकाशात ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहाकडे असते. प्रसार भारतीची ही सेवा २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आज ती डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते आणि तिला महिन्याचे भाडे नाही. उपग्रहावरून येणारी चॅनेले एकेकटी येत नाहीत. एका फ्रीक्वेन्सीवर पंधरा-वीस चॅनेलांचा गठ्ठा असतो. अशा गठ्ठ्याला बॉक्सच्या मेनूत TP म्हणतात, ट्रान्सपाँडरचे हे छोटे रूप. चित्र आणि आवाज यांच्याबरोबर प्रत्येक गठ्ठ्यातून माहितीचे काही तक्तेही अखंड येत असतात. या गठ्ठ्यात कोणती चॅनेले आहेत, त्यांची नावे काय, प्रत्येकाचा ओळख क्रमांक कोणता, अशी ती माहिती. स्कॅन करताना बॉक्स एकेका फ्रीक्वेन्सीवर थांबतो, हे तक्ते वाचतो आणि स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतो. म्हणजे आपण पाहतो ती यादी ही स्कॅनच्या त्या घटकेला घेतलेली हजेरी असते. नंतर वर काहीही बदलले, तरी हजेरीपटावर जुनेच राहते.

दुसरी गोष्ट अशी की, बॉक्स चॅनेलला नावाने ओळखत नाही. त्याच्या लेखी चॅनेल म्हणजे अमुक फ्रीक्वेन्सीवरच्या अमुक गठ्ठ्यातला अमुक ओळख क्रमांक. नाव ही माणसांच्या सोयीसाठी डकवलेली चिठ्ठी आहे. नंबर तर आणखी वरवरचा. पुढे येणारे बहुतेक सगळे घोळ या एका गोष्टीतून निघतात, म्हणून ती लक्षात ठेवावी.

नंबर ठरतो दोन प्रकारे. पाठवणारा स्वतःच प्रत्येक चॅनेलला नंबर नेमून देतो, आणि तो वर सांगितलेल्या तक्त्यांमधून येतो. याला LCN म्हणतात. काही बॉक्स हा नंबर मुकाट मानतात, काहींच्या मेनूत LCN चालू-बंद करण्याची सोय असते, तर बाजारातल्या कित्येक साध्या बॉक्सना त्याचा पत्ताच नसतो. LCN चालू असेल तर स्कॅन कितीही वेळा केले तरी नंबर तेच राहतात, पण आपल्याला एकही चॅनेल हलवता येत नाही. `Move` हा पर्याय करडा पडलेला दिसतो किंवा दाबूनही काही होत नाही. पुष्कळ लोक इथेच वैतागून रिमोट टाकतात. LCN बंद असेल तर बॉक्स स्वतःच १ पासून मोजायला लागतो. पहिली फ्रीक्वेन्सी, तिच्यातली चॅनेले, मग दुसरी फ्रीक्वेन्सी, असा तो क्रम. त्यात मराठी-हिंदी, बातम्या-सिनेमा असा कसलाही विचार नसतो. सह्याद्री ज्या गठ्ठ्यात आहे त्याची पाळी उशिरा आली, तर ती ८७ वर जाणार. त्यात तिचा काही दोष नाही.

आता यादी लावायची म्हणून लोक थेट चॅनेल हलवायला घेतात. तसे करू नये. आधी स्कॅन स्वच्छ आहे का ते पाहावे, कारण कचऱ्याच्या यादीत रांग लावण्याला अर्थ नाही. कचऱ्याचा सगळ्यात मोठा उगम म्हणजे `Blind Scan`. यात बॉक्स ठरलेल्या फ्रीक्वेन्सींवर न जाता पूर्ण पट्टा थोडा-थोडा पुढे सरकत तपासतो आणि जिथे सिग्नल लागेल तिथली फ्रीक्वेन्सी स्वतः मोजून लिहून घेतो. छत्री नवीन बसवताना हे उपयोगी आहे, पण भरलेल्या यादीवर पुन्हा चालवले की जुळी चॅनेले जन्माला येतात.

त्याचे कारण समजले की इलाजही आपोआप सुचतो. छत्रीच्या पुढे दांडीवर जो भाग असतो, ज्याला सगळे एलएनबी म्हणतात, तो उपग्रहाकडून आलेल्या फ्रीक्वेन्सीतून ९७५० मेगाहर्ट्झ वजा करतो आणि उरलेला सिग्नल केबलमधून खाली पाठवतो. फ्री डिशची एक फ्रीक्वेन्सी ११०९० मेगाहर्ट्झ आहे. ती केबलमध्ये १३४० होऊन उतरायला हवी. पण एलएनबी उन्हातान्हात, पावसात वर्षानुवर्षे उघड्यावर असते. तिचा वजाबाकीचा आकडा हळूहळू सरकतो. तो ९७५१ झाला, तर खाली १३३९ येतात, आणि बॉक्स त्यात ९७५० मिळवून ‘११०८९’ अशी नोंद करतो. यादीत ११०९० आधीच असते. एवढासा फरक असला तरी दोन्ही नोंदींवर चित्र व्यवस्थित लागते, कारण बॉक्स मेगाहर्ट्झ-दोन मेगाहर्ट्झ इकडेतिकडे सांभाळून घेतो. काही बॉक्स अशा जवळजवळच्या नोंदी एक करतात. जे करत नाहीत, त्यांच्या यादीत त्या गठ्ठ्यातले प्रत्येक चॅनेल दोनदा येते.

आमच्या काकूंच्या घरी नेमके हेच झाले होते. काकू सांगली जिल्ह्यातल्या एका वस्तीवर राहतात. इंग्रजी वाचत नाहीत, चॅनेल ओळखतात ते नंबरावरून. सह्याद्री, डीडी न्यूज, एक भक्तीचे, दोन सिनेमांची, क्रिकेट असेल तेव्हा डीडी स्पोर्ट्स आणि नातवासाठी एक कार्टूनचे चॅनेल, एवढाच त्यांचा संसार. पुतण्याने ब्लाइंड स्कॅन केल्यावर यादी दोनशेच्या वर गेली होती. सह्याद्री एकदा ८७ वर आणि पुन्हा १६४ वर. ‘अरे, एकच बाई दोन घरांत राहते का?’ असे काकूंनी मला विचारले.

दोन्ही ठिकाणी जाऊन रिमोटवरचे `INFO` बटण दोनदा दाबले की खालच्या पट्टीत फ्रीक्वेन्सी दिसते. दोन्हींत एका मेगाहर्ट्झचा फरक होता. डीडी न्यूजचेही तसेच. म्हणजे गडबड एकेका चॅनेलची नव्हती, आख्ख्या गठ्ठ्यांची होती. अशा वेळी यादीतून एकेक जुळे चॅनेल काढत बसणे हा वेडेपणा आहे. इन्स्टॉलेशनच्या मेनूत `TP List` नावाची यादी असते. तिच्यात ११०९० आणि ११०८९ अशा लागून आलेल्या जोड्या लगेच डोळ्यांत भरतात. प्रत्येकीवर उभे राहून खालच्या `Quality` च्या पट्टीकडे पाहायचे. जिची पट्टी कमी किंवा हलती, ती नोंद काढून टाकायची; दोन्ही सारख्याच असतील तर ब्लाइंड स्कॅनने नव्याने घुसवलेली काढायची. बॉक्स विचारतो की, या TP वरची चॅनेलेही जातील, चालेल का? हो म्हणायचे. चार नोंदी उडवल्यावर काकूंच्या यादीतला जुळ्यांचा सगळा पसारा गेला.

स्कॅन पुन्हा करायचेच असेल, तर दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. `FTA Only` चालू ठेवले की फक्त मोफत दिसणारी चॅनेले यादीत येतात. ते बंद असेल तर कुलूपबंद चॅनेलेही येतात, त्यांच्या नावापुढे `$` ची खूण असते आणि लावल्यावर काळा पडदा दिसतो. यात एक मेख आहे. बॉक्स ही निवड चित्र पाहून करत नाही, चॅनेलबरोबर आलेली ‘बंद’ किंवा ‘उघडे’ ही खूण वाचून करतो. खूण चुकीची आली असेल, तर उघडे चॅनेलही गाळले जाते. शेजारच्या घरात दिसणारे एखादे चॅनेल आपल्याकडे येतच नसेल, तर एकदा `FTA Only` बंद करून पाहावे. दुसरी गोष्ट `Network Search` ची. ती चालू असली की बॉक्स आपल्या साठवलेल्या फ्रीक्वेन्सींवर थांबत नाही, उपग्रहाने सांगितलेल्या बाकीच्या फ्रीक्वेन्सीही शोधतो. नवीन गठ्ठा सुरू झाला असेल तर तो अशा वेळी सापडतो.

यादी स्वच्छ झाली की पुढचे काम नको असलेली चॅनेले बाजूला करण्याचे. इथे मेनूत तीन-चार शब्द असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. `Delete` केले की चॅनेल बॉक्सच्या मेमरीतून जाते; परत हवे असेल तर स्कॅनशिवाय मार्ग नाही. `Skip` केले की चॅनेल जागेवर राहते, फक्त पुढचे-मागचे बटण दाबताना बॉक्स त्याच्यावर न थांबता पुढे जातो. नंबर दाबला तर ते लागते. काही बॉक्समध्ये, आणि पुष्कळ नव्या टीव्हींमध्ये, `Hide` असते. त्यात चॅनेल यादीतूनही दिसेनासे होते, पण मेमरीत असते. `Lock` मध्ये चॅनेल दिसते, पण पासवर्ड मागते. हा पासवर्ड बहुतेक बॉक्समध्ये कंपनीतून येतानाच `0000` असतो, आणि घरातल्या सातवीतल्या पोराला तो माहीत असतो. मुलांपासून चॅनेल दूर ठेवायचे असेल तर तो बदलल्याशिवाय लॉक करण्यात काही अर्थ नाही.

माझे मत विचाराल तर `Delete` जपून वापरावे. त्याची खरी अडचण अशी की, LCN नसलेल्या बॉक्समध्ये मधले एक चॅनेल काढले की खालची सगळी एक-एक पायरी वर सरकतात. काकूंना २७ पाठ असेल आणि वरचे एक चॅनेल कोणी काढले, तर त्यांचे २७ आता २६ वर असते. घरात नंबर पाठ करणारे माणूस असेल तर जे काही काढायचे ते आधी काढावे, आणि त्यानंतरच नंबर पाठ करायला सांगावे. `Skip` मध्ये ही भानगड नाही. न समजणाऱ्या भाषांतली आणि दिवसभर वस्तू विकणारी चॅनेले मी काकूंच्या बॉक्समध्ये सगळी `Skip` केली. उद्या पुतण्याला त्यातले काही हवे झाले तर ते तिथेच आहे.

आता हलवणे. मेनूत `Edit Channel` किंवा `Channel Edit` अशा नावाचे पान असते. तिथे चॅनेलवर उभे राहून `Move` चे बटण दाबायचे आणि नवीन जागा सांगायची. रंगीत बटणांपैकी कोणते कशासाठी, ते पडद्याच्या खालच्या पट्टीत लिहिलेले असते, बॉक्सगणिक ते बदलते. हलवण्याचेही दोन प्रकार आहेत. काही बॉक्स चॅनेल नव्या जागी घुसवतात आणि बाकीच्यांना खाली ढकलतात. काही बॉक्स दोघांची अदलाबदल करतात. आपला कोणता आहे ते एका चॅनेलवर करून पाहिले की कळते. घुसवणारा असेल तर काम नेहमी वरून खाली करावे. आधी सह्याद्री १ वर, मग डीडी न्यूज २ वर, मग भक्तीचे ३ वर. उलट क्रमाने केले, तर खाली बसवलेले प्रत्येक चॅनेल पुढच्या चॅनेलच्या धक्क्याने सरकत राहते आणि आपण मात्र बॉक्सला शिव्या देतो. आणखी एक, हे सगळे बदल त्या पानावरून बाहेर पडताना साठवले जातात. बाहेर पडताना ‘साठवू का?’ असा प्रश्न येतो, त्याला हो म्हणेपर्यंत केलेले काहीच पक्के नसते. मध्येच लाइट गेली तर सगळे पहिल्यापासून. आमच्याकडे लाइटचा भरवसा काय, ते वाचकांना सांगायला नको. पाच-सात चॅनेले हलवली की बाहेर पडून साठवावे आणि पुन्हा आत जावे.

त्याच पानावर `Sort` असते. नावावरून, फ्रीक्वेन्सीवरून, मोफत आधी आणि कुलूपबंद नंतर, असे तिचे प्रकार. हे एक बटण दाबले की हाताने लावलेली रांग मोडते. म्हणून सॉर्ट करायचेच असेल तर सगळ्यांत आधी करावे, हलवणे नंतर. नावावरच्या सॉर्टमध्ये दूरदर्शनची सगळी चॅनेले `DD` मुळे एकत्र येतात, एवढा एक फायदा आहे. काही बॉक्समध्ये सॉर्ट फक्त पाहण्यापुरते असते, यादी उघडी असेतो दिसते आणि नंबर बदलत नाहीत. ते कळायचा सोपा मार्ग म्हणजे सॉर्ट करून, साठवून, बॉक्स बंद करून पुन्हा चालू करणे.

नाव बदलण्याची सोय याच सॉर्टशी जोडली की कामाला येते. `Rename` मध्ये पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा कीबोर्ड येतो. मराठी अक्षरे सहसा नसतात, त्यामुळे पाटीवर ‘सह्याद्री’ देवनागरीत लिहिण्याची हौस बाजूला ठेवावी लागते. ज्या बॉक्समध्ये `Move` नीट चालत नाही, तिथे नावालाच नंबर जोडायचा. सॉर्टमध्ये आकडे अक्षरांच्या आधी येतात, म्हणून अशी नावे द्यायची:

```
01 SAHYADRI
02 DD NEWS
03 BHAKTI
```

पुढचे शून्य विसरायचे नाही. नुसते 1, 2, 3 लिहिले तर दहावे चॅनेल पहिल्याच्या पाठोपाठ येते, कारण बॉक्स आकडा वाचत नाही, एकेक चिन्ह वाचतो. हीच युक्ती उलटीही चालते. नको त्या चॅनेलच्या नावाआधी `ZZ` लिहिले की ते यादीच्या तळाशी जाते. चाचणीसाठी ठेवलेल्या, नावातच `TEST` असलेल्या नोंदींना हे लावता येते. त्यांच्या जागी पुढे एखादे खरे चॅनेल येण्याची शक्यता असते, म्हणून त्या मी सहसा काढत नाही.

दिलेले नाव टिकेल की नाही हे मात्र बॉक्सवर आहे. काही बॉक्स चॅनेल लावताच वरून येणारे नाव पुन्हा वाचतात आणि आपले पुसून टाकतात. म्हणून पंचवीस नावे बदलण्याआधी एक बदलून पाहावे. साठवायचे, बॉक्स बंद करून चालू करायचा, ते चॅनेल मिनिटभर लावून ठेवायचे आणि यादी उघडायची. जुने नाव परत आले असेल तर या बॉक्सवर नावांचा नाद सोडावा.

या सगळ्यापेक्षा टिकाऊ आणि कमी कष्टाचा मार्ग म्हणजे `FAV`, आवडीची यादी. मूळ यादीला हात न लावता तिच्यातली निवडक चॅनेले एका गटात टाकता येतात. बहुतेक बॉक्समध्ये असे चार-आठ गट असतात आणि त्यांची नावेही बदलता येतात. काकूंसाठी एक गट आणि नातवासाठी एक, अशी मी वाटणी केली. रिमोटवरचे `FAV` दाबायचे, गट निवडायचा. मग पुढचे-मागचे बटण त्या आठ-दहा चॅनेलांतच फिरते. इथून एक हमखास तक्रार निघते. आवडीच्या गटात असताना कोणी यादी उघडली की तिच्यात फक्त तेवढीच चॅनेले दिसतात आणि घरात गोंधळ उठतो की बाकीची गेली. गेलेली नसतात. यादी उघडी असताना डावे-उजवे बटण दाबून `All` वर आले की सगळी परत दिसतात. दुसरी अशीच तक्रार आकाशवाणीची. `TV/RADIO` चे बटण चुकून दाबले गेले की यादीत फक्त आकाशवाणीची केंद्रे दिसतात, चित्र नाही, नुसता आवाज. तेच बटण पुन्हा दाबले की झाले. या दोन कारणांपायी किती घरांत विनाकारण स्कॅन होत असेल, देव जाणे.

इतके करून यादी कायमची लागली, असे नाही. फ्री डिशवरच्या खासगी चॅनेलांच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते, आणि मुख्य वार्षिक लिलावातली मुदत १ एप्रिल ते ३१ मार्च अशी असते. म्हणून मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला मोठी ये-जा होते. मोठ्या कंपन्यांची हिंदी मनोरंजनाची चॅनेले, स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, रिश्ते, ही मार्च २०१९ मध्ये फ्री डिशवरून गेली, २०२० मध्ये परतली आणि १ एप्रिल २०२२ ला पुन्हा गेली. अशा वेळी रिकाम्या जागेवर दुसरे चॅनेल बसते. बॉक्सला ओळख क्रमांक तोच दिसतो, म्हणून तो निमूटपणे नवे चित्र दाखवतो, पण हजेरीपटावर नाव जुनेच असते. यादीत नाव सिनेमाच्या चॅनेलचे आणि लावल्यावर बातम्या, असे एप्रिलमध्ये झाले की समजावे की फक्त चिठ्ठी जुनी आहे. तिथे `Rename` करून काम भागते, स्कॅनची गरज नसते.

एखादे चॅनेल खरोखरच नवीन फ्रीक्वेन्सीवर गेले असेल तरीही पूर्ण स्कॅन टाळता येते. `TP List` मध्ये जाऊन त्या एकाच फ्रीक्वेन्सीवर उभे राहायचे आणि तेवढ्यापुरते स्कॅन करायचे. नवी फ्रीक्वेन्सी असेल तर ती हाताने भरायची: फ्रीक्वेन्सीचा आकडा, पोलरायझेशन `V`, आणि फ्री डिशच्या बहुतेक गठ्ठ्यांसाठी सिम्बॉल रेट `29500`. अशा स्कॅनमध्ये जुन्या नोंदी जागेवर राहतात आणि नवी चॅनेले यादीच्या शेवटी येऊन उभी राहतात. मग त्यांतले हवे ते उचलून वर न्यायचे. फॅक्टरी रीसेट हा मात्र सर्वांत वाईट उपाय. त्यात हलवलेले, लपवलेले, नावे दिलेले, आवडीचे गट, पासवर्ड, सगळे एका दमात जाते. छत्रीवाला घाईत असला की तो हेच करतो, कारण त्याचे काम पाच मिनिटांत होते. त्याला आधीच सांगून ठेवावे.

ज्यांच्या टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर आहे आणि छत्रीची केबल थेट टीव्हीला जाते, त्यांच्यासाठी तत्त्व तेच, फक्त पान वेगळे. तिथे चॅनेल एडिट किंवा चॅनेल मॅनेजर असे काहीतरी नाव असते. त्यांनी एक गोष्ट जरूर पाहावी. काही टीव्ही बंद असताना आपोआप यादी ताजी करतात. `Auto Update` सारख्या नावाचा हा पर्याय चालू असेल तर रात्री लावलेली यादी सकाळी वेगळी दिसू शकते. बॉक्स वेगळा असलेल्यांनी मात्र टीव्हीच्या रिमोटने ऑटो ट्यूनिंग करू नये. त्यांच्या दृष्टीने टीव्ही हा नुसता पडदा आहे, त्याच्या स्वतःच्या यादीत काहीच नसते. सगळे काम बॉक्सच्या रिमोटने.

सगळे मनासारखे लागले की शेवटचे एक काम करावे. बॉक्सला यूएसबीची खाच असेल, तर तिच्या मेनूत आत्ताची माहिती पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याची सोय बऱ्याचदा असते. त्या एका फाइलमध्ये चॅनेलांची यादी, गट, लपवलेली चॅनेले हे सगळे येते आणि रीसेटनंतर दोन मिनिटांत परत चढवता येते. ही फाइल त्याच मॉडेलच्या बॉक्सवर चालते. शेजाऱ्याचा बॉक्स बाहेरून सारखा दिसत असला तरी आत वेगळी चिप असू शकते, तेव्हा त्याची फाइल आपल्या बॉक्सवर चढवू नये. तसे केल्याने बॉक्स चालूच होत नाही, असेही घडते.